एक, दोन, चार, आठ, सोळा… आणि मग? : गणित मंडळाच्या दिवशी सिद्धतेवर भाषण कसं करावं

डिसेंबर जवळ आला की आमच्या कोल्हापुरातल्या शाळांमध्ये गणित मंडळाची धावपळ सुरू होते. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, आणि २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. भाषणासाठी आठवी-नववीतल्या कुणाला तरी उभं केलं जातं. मग ते मूल घरी येऊन विचारतं, “सर, सिद्धतेवर बोलायचंय. काय बोलू?” गेली काही वर्षं मी अशा मुलांची तयारी करून घेतो. हा लेख पहिल्यांदाच असं भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि त्याला मदत करणाऱ्या नव्या शिक्षकासाठीही.

विषय असा आहे : उदाहरणं तपासून एखादी गोष्ट खरी वाटली, तरी सिद्धता का लागते? यावर नुसतं बोलत राहिलं तर तिसऱ्या मिनिटाला मागचे बाक कुजबुजायला लागतात. म्हणून भाषणाचा सगळा भार एका आकृतीवर टाकायचा. सगळ्या सभागृहाला चुकीचं उत्तर द्यायला लावणारी एक आकृती आहे. ती नीट काढता आली आणि तिच्यामागचं कारण सांगता आलं, की भाषण झालं.

आकृती कोणती

एक वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर काही बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर प्रत्येक बिंदूला सरळ रेषेनं जोडा. या रेषांना आपण जीवा म्हणतो. वर्तुळाच्या आतला भाग या जीवांमुळे किती तुकड्यांत वाटला जातो, एवढाच प्रश्न आहे.

एक बिंदू असेल तर जीवाच नाही, म्हणून १ तुकडा. दोन बिंदूंना २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. आता सहा बिंदूंना किती, असं कुणालाही विचारा. बत्तीस म्हणणार. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणेल, पालक म्हणतील, पाहुणेही म्हणतील. खरं उत्तर ३१ आहे.

पाच उदाहरणं तपासली, पाचही जुळली, आणि सहावं फसलं. तुमच्या विषयाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

पहिली पायरी : सहा बिंदू कुठे ठेवायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण भाषण फसतं ते इथेच.

पहिल्यांदा ही आकृती मी वर्गात काढली तेव्हा कंपासनं नीटनेटके सहा समान भाग केले. त्रिज्या तेवढीच ठेवून सहा खुणा करायची सवय हाताला असतेच. मोजले तर तुकडे भरले ३०. ना ३२, ना ३१. मुलांसमोर मी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा ३० आले. कारण मला त्या रात्री घरी कळलं. बिंदू समान अंतरावर ठेवले की समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन जीवा बरोबर मध्यबिंदूत भेटतात. त्या तिघींच्या मध्ये जो एक छोटा त्रिकोण राहायला हवा, तो तिथे गिळला जातो.

म्हणून आपल्या प्रश्नात एक अट आहे : आतल्या कोणत्याही एका बिंदूतून तीन जीवा जाऊ नयेत. ही अट भाषणात मोठ्यानं सांगायची. ती सांगितली नाही आणि एखाद्या मुलानं घरी कंपासनं षट्कोन काढला, तर तुमचं ३१ त्याला खोटं वाटेल.

ही अट पाळणारी एक मांडणी मी मोजून ठेवली आहे. फळ्यावर साधारण ६० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. दोरीला खडू बांधून ते चांगलं निघतं. हे वर्तुळ म्हणजे घड्याळ असं समजा आणि १२, २, साडेतीन, ६, साडेसात, १० या जागी बिंदू द्या. सगळे जोडल्यावर मध्याजवळ, किंचित उजवीकडे, एक ठसठशीत त्रिकोण दिसेल. त्याची प्रत्येक बाजू नऊ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे शेवटच्या बाकावरूनही तो दिसतो.

सहा बिंदूंच्या बाबतीत धोक्याची जागा ही एकच आहे. तीन जीवा आत एका ठिकाणी भेटायच्या तर त्यांची सहाही टोकं वेगवेगळी हवीत, आणि प्रत्येकीनं उरलेल्या दोघींना छेदायला हवं. हे फक्त पहिला-चौथा, दुसरा-पाचवा आणि तिसरा-सहावा या तीन जीवांनाच जमतं. म्हणून आकृती पूर्ण झाल्यावर मधला तो त्रिकोण उघडा आहे ना, एवढंच पाहायचं. तो उघडा असेल तर तुकडे ३१च असणार.

जीवा पट्टीनंच काढा. हातानं काढलेली जीवा थोडी वाकली की मधला त्रिकोण मिटतो किंवा नसलेला तुकडा तयार होतो. एकूण १५ जीवा आहेत. काढताना मोजत जा, कारण घाईत एखादी हमखास राहते. शाळेतला फळा खराब असेल तर आदल्या दिवशी कार्डशीटवर काढून न्या. एक ते पाच बिंदूंच्या पाच आकृत्याही त्याच कार्डशीटवर वरच्या बाजूला लहान काढून ठेवा. पाच बिंदूंसाठी मात्र समान अंतर चालतं, तिथे तीन जीवा एकत्र येत नाहीत.

दुसरी पायरी : सुरुवात

मान्यवरांना नमस्कार झाला की लगेच आकृतीकडे वळा. गणिताची थोरवी सांगण्यात पहिला मिनिट घालवू नका, ती ऐकायला कुणी आलेलं नसतं. मी मुलांना साधारण अशी सुरुवात लिहून देतो :

“मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे आणि तुम्ही सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं आहे. हे बघा, दोन बिंदू, एक जीवा, तुकडे किती? दोन. तीन बिंदू, तुकडे किती? चार. चार बिंदूंना? आठ. पाच बिंदूंना? मोजा, घाई नाही. सोळा. आता सहा बिंदू घेतले, तर?”

इथे थांबायचं आणि सभागृहाला ओरडू द्यायचं. ‘बत्तीस’ आल्यावर त्यांना लगेच चूक म्हणू नका. फळ्याच्या कोपऱ्यात ३२ असं मोठं लिहा, त्याखाली रेघ ओढा, आणि मग सहा बिंदूंची आकृती उघडा.

तुकडे मोजायला एका श्रोत्याला पुढे बोलवा. प्रत्येक तुकड्यात रंगीत खडूनं आकडा लिहायला सांगा. नुसतं बोट ठेवून मोजलं तर कुठला मोजला आणि कुठला राहिला ते कळत नाही. कडेचे सहा चपटे तुकडे आधी मोजून घ्यावेत, विसरतात ते तेच. मग एका बाजूनं आत यावं.

आकडा ३१ वर थांबेल आणि सभागृहातून आवाज येईल, “एक राहिलाय कुठंतरी!” आमच्या पेठेतल्या नववीच्या एका मुलीनं सरावाच्या वेळी मला ठामपणे सांगितलं होतं, “सर, न्हाई हो, ह्यात एक चुकलाय बघा. मी परत मोजतो.” आणि तिनं खरंच चार वेळा मोजले.

तिसरी पायरी : त्या एका तुकड्यावर थांबा

भाषणाचा गाभा हा आहे, म्हणून इथे पळू नका. श्रोत्यांसमोर आता दोन गोष्टी आहेत : पाच उदाहरणांनी दिलेला नियम म्हणतो ३२, आणि मोजणी म्हणते ३१. पण मोजणीवर तरी विश्वास का ठेवायचा? मोजणाराही माणूस आहे, त्याच्याकडूनही एखादा तुकडा सुटू शकतो. मोजून मोजून हा वाद मिटत नाही. मिटवायचा तर तुकडे नेमके किती असायला हवेत आणि का, हे मोजल्याशिवाय सांगता आलं पाहिजे. सिद्धता हेच काम करते. हे वाक्य मुलांनी आपल्या शब्दांत म्हणावं, फक्त ते याच जागी यावं, आधी नाही.

चौथी पायरी : सिद्धता तोंडी सांगणं

सूत्र लिहून सुरुवात केली की श्रोते गळतात. आमच्याकडची मुलं शेतं बघत मोठी होतात, म्हणून मी बांधाची गोष्ट सांगायला लावतो.

वर्तुळ म्हणजे एक गोल वावर समजा. सुरुवातीला बांध नाही, तुकडा एकच. आता एक बांध घालायला कडेपासून निघालात आणि समोरच्या कडेला पोचलात. ज्या तुकड्यातून गेलात त्याचे दोन झाले, म्हणजे एक वाढला. दुसरा बांध घालताना वाटेत पहिला बांध आडवा आला, तर? त्याला भेटेपर्यंत एका तुकड्याचे दोन केलेत. तो ओलांडून पलीकडच्या तुकड्यात शिरलात आणि त्याचेही दोन केलेत. म्हणजे दोन वाढले. वाटेत तीन जुने बांध ओलांडले, तर चार तुकडे वाढतील.

म्हणजे नवी जीवा स्वतःचा एक तुकडा वाढवते, आणि जितक्या जुन्या जीवांना छेदते तितके आणखी वाढवते. सगळ्या जीवा काढून झाल्यावर हिशेब असा लागतो :

तुकडे = १ + जीवांची संख्या + आतल्या छेदनबिंदूंची संख्या

इथे क्षणभर थांबून मघाची अट आठवून द्या. नवा बांध दोन जुन्या बांधांच्या चौकातूनच गेला, तर दोन बांध एकदमच ओलांडले जातात आणि एक तुकडा कमी वाढतो. समान अंतराच्या षट्कोनात ३० का येतात, त्याचं उत्तर हेच. श्रोत्यांना यातून आणखी एक गोष्ट दिसते : सिद्धतेतली प्रत्येक अट कुठे वापरली गेली, ते बोट ठेवून दाखवता येतं.

आता दोन्ही संख्या काढायच्या. सहा बिंदूंपैकी प्रत्येकातून पाच जीवा निघतात, पण प्रत्येक जीवा दोन्ही टोकांकडून मोजली जाते. म्हणून ६ × ५ भागिले २, म्हणजे १५.

छेदनबिंदूंची युक्ती जास्त सुंदर आहे. आतला कोणताही एक छेदनबिंदू घ्या. तिथे दोन जीवा भेटतात आणि त्यांना मिळून चार टोकं असतात. उलट बाजूनं पाहा : कडेवरचे कोणतेही चार बिंदू निवडले, तर त्यांचा चौकोन होतो आणि त्याचे कर्ण एकमेकांना एकाच ठिकाणी छेदतात. म्हणजे जितक्या प्रकारे चार बिंदू निवडता येतील, तितकेच छेदनबिंदू. सहातून चार निवडणं म्हणजे दोन बाजूला ठेवणं, आणि दोन बिंदूंच्या जोड्या तर आत्ताच मोजल्या, १५. म्हणून छेदनबिंदूही १५.

१ + १५ + १५ = ३१.

फळ्यावर वेगवेगळ्या रंगांचे दोन खडू वापरा : जीवा पांढऱ्या, छेदनबिंदू लाल. एक चौकोन निवडून त्याचे कर्ण जाड करून दाखवले की ही पायरी सातवीतल्या मुलांनाही कळते. त्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा तिनं पाचव्यांदा मोजलं नाही. तिनं लाल ठिपके मोजले, पंधरा भरले, आणि फळ्यावरचं ३२ स्वतःच पुसलं.

आता हेच सूत्र आधीच्या आकृत्यांना लावून दाखवा. चार बिंदूंना १ + ६ + १ = ८, पाचला १ + १० + ५ = १६. दोन्ही जुळतात. फळ्यावर हे लिहिताना मी मुलांना एक गंमत सांगायला लावतो. दहा बिंदूंना ४५ जीवा आणि २१० छेदनबिंदू येतात, म्हणजे १ + ४५ + २१० = २५६. दोनाचा आठवा घात! सहाला मोडलेला नियम दहाला पुन्हा डोकं वर काढतो, पण दुप्पट करत गेल्यावर यायला हवे होते ते ५१२ मात्र आलेले नाहीत. समजा कुणी फक्त एक ते पाच आणि दहा एवढीच उदाहरणं तपासली असती, तर प्रत्येक वेळी दोनाचाच घात बघून त्याची खात्री आणखी पक्की झाली असती.

पाचवी पायरी : “आणखी तपासलं असतं तर?”

एवढं ऐकून श्रोत्यांच्या मनात एक शंका येतेच : पाचवरच थांबलात म्हणून फसलात, शंभर-हजार उदाहरणं तपासली असती तर कळलं असतं. या शंकेला उत्तर द्यायला भास्कराचार्यांचं एक उदाहरण जवळ ठेवा. ते इथल्या मुलांना आपलं वाटतं.

एखाद्या नैसर्गिक संख्येचा वर्ग घ्या, त्याला ६१ नं गुणा आणि १ मिळवा. आलेली संख्या पूर्ण वर्ग असते का? १ घेतला तर ६२, नाही. २ घेतला तर २४५, नाही. ३ घेतला तर ५५०, नाही. हजारापर्यंत जा, लाखापर्यंत जा, कोटीपर्यंत जा, कधीच पूर्ण वर्ग मिळत नाही. ‘कधीच मिळणार नाही’ असं म्हणायचा मोह होतो. पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात हेच उदाहरण चक्रवाल पद्धतीनं सोडवून दाखवलं आहे. सगळ्यात लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला, की १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग मिळतो.

हा आकडा नुसता वाचून दाखवू नका, तो वेळेत मांडा. सेकंदाला एक संख्या तपासायची, झोप नाही, जेवण नाही, तरी तिथे पोचायला सात वर्षांहून थोडा जास्त वेळ लागेल. म्हणजे पाचवीत पहिला आकडा तपासायला बसलेला मुलगा बारावी संपेपर्यंत रोज ‘नाही’ हेच उत्तर लिहीत राहील. भास्कराचार्य तिथे एकेक संख्या तपासत पोचले नाहीत, पद्धतीनं पोचले.

हा भाग दीड मिनिटात संपवा. मूळ धागा वर्तुळाचा आहे, तो सुटू देऊ नका. चक्रवाल पद्धत कशी चालते हे भाषणात समजावू नका, तेवढा वेळ मिळत नाही.

सहावी पायरी : प्रश्नांची तयारी

भाषण आठ मिनिटांचं धरा : दीड मिनिट अंदाज, दीड मिनिट मोजणी, तीन मिनिटं सिद्धता, दीड मिनिट भास्कराचार्य, उरलेला वेळ श्वास घ्यायला. मग प्रश्न येतात. त्यातले तीन जवळजवळ दरवर्षी येतात.

पहिला : मग उदाहरणं तपासायचीच नाहीत का? तपासायची. काय सिद्ध करायचं हे त्यांच्यातूनच सुचतं. आणि एखादं विधान खोटं ठरवायला एकच उदाहरण पुरतं. आपल्या सहा बिंदूंनी तेच केलं, त्याला प्रतिउदाहरण म्हणतात. तपासणी अपुरी पडते ती ‘नेहमी’ हा शब्द आला की.

दुसरा प्रश्न जास्त खोलातला आहे आणि तो विचारणाऱ्या मुलाचं कौतुक करा : नुसतं तपासून कधी सिद्धता होतच नाही का? होते, शक्यता मोजक्याच असतील आणि त्या सगळ्या तपासल्या असतील तर. वर्गसंख्येच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही, हे घ्या. वर्गाचा एकक अंक फक्त मूळ संख्येच्या एकक अंकावरून ठरतो, आणि एकक अंक दहाच आहेत. ० ते ९ यांचे वर्ग केले की काम झालं. पण नीट पाहा, इथेही ‘दहाच पुरेत’ हे आधी कारण देऊन सांगावं लागलं. आपल्या वर्तुळात बिंदू कितीही घेता येतात, म्हणून तिथे अशी यादी संपत नाही.

तिसरा : मग पाचपर्यंत दुप्पट का होत होतं, योगायोग? नाही, त्यालाही कारण आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रावरच्या टीकेत हलायुधानं सांगितलेला मेरुप्रस्तार, ज्याला आज पास्कलचा त्रिकोण म्हणतात, तो मुलांना माहीत असेल तर हे दाखवता येतं. सहा बिंदूंसाठी त्यातली १, ५, १०, १०, ५, १ ही ओळ घ्या. आपल्या सूत्रातला पहिला १५ म्हणजे ५ + १० आणि दुसरा १५ म्हणजे १० + ५, म्हणून ते तिच्यातले पहिले पाचच आकडे मिळवतं. एक ते पाच बिंदूंच्या ओळींत आकडे पाच किंवा त्याहून कमी असतात, म्हणून पूर्ण ओळीची बेरीज मिळते आणि ती दोनाचा घात असते. सहाच्या ओळीत सहावा आकडा बाहेर राहतो. तो आहे १, म्हणून ३२ च्या जागी ३१. सगळं सभागृह शोधत होतं तो एक तुकडा हाच. हे उत्तर भाषणात घालू नका, प्रश्न आला तरच द्या.

नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलत असाल, तर पुस्तकातल्या ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ या तीन ओळी आकृतीशेजारी लिहा. पक्षात ‘तीन जीवा एका बिंदूत भेटत नाहीत’ हे आलंच पाहिजे. भूमितीच्या वहीत मुलं पक्ष पाठ करून उतरवतात. इथे त्यातली एक ओळ काढून टाकली तर ३१ चे ३० होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

बाहेर पडताना

सात बिंदूंचं वर्तुळ छापलेला एकेक कागद दारात वाटा, जीवा न काढता. सात बिंदू समान अंतरावर ठेवले तरी चालतात, कारण बिंदूंची संख्या विषम असली की समान अंतरावरही तीन जीवा आत एकत्र येत नाहीत. छापायलाही ते सोपं जातं. कागदावर उत्तर देऊ नका. मोजून ५६ किंवा ५८ घेऊन येणारी मुलं दुसऱ्या दिवशी भेटतील. त्यांना पुन्हा मोजायला लावू नका, जीवा किती आणि लाल ठिपके किती एवढंच विचारा. १ + २१ + ३५.